बायोडाटा पाठ आहे, पण बोलताना वाचल्यासारखा होतो

प्रश्न: "बीएस्सी कृषी झालं आहे. बियाणे कंपनीत फील्ड असिस्टंटची मुलाखत आहे. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की मी बायोडाटाच म्हणून दाखवतो. ऐकणाऱ्याला लगेच समजतं की पाठ केलंय. काय करू?"

पाठांतर कमी पडतंय असं मुळीच नाही. बायोडाटा डोळ्यांनी चाळायला बनवलेला असतो. त्यात नावं, टक्के आणि वर्षं असतात, माणूस काही करताना दिसत नाही. म्हणून तो कितीही हावभाव करून म्हटला तरी वाचलेलाच वाटतो. त्यातल्या बहुतेक ओळी सोडून द्याव्या लागतात आणि उरलेल्या एक-दोन उलगडाव्या लागतात.

आधी सोडायचं काय ते बघा. "करिअर ऑब्जेक्टिव्ह"ची ओळ पूर्ण काढा, ती तोंडाने कोणीच बोलत नाही. दहावी-बारावीचे टक्के समोरच्या कागदावर आहेत, विचारले तर सांगा. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा असा पत्ता म्हणू नका, "यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला" एवढं पुरे. छंद आणि भावंडांची संख्याही नको. घरची शेती मात्र सांगा, कारण ती या कामाशी जुळते. "घरी कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि तूर घेतो" असं एक वाक्य. हीच मुलाखत बँकेची असती तर तेही वाक्य गाळायला सांगितलं असतं.

आता कृषी पदवीधराच्या बायोडाटात हमखास असणारी एक ओळ घेऊ: "रावे कार्यक्रमांतर्गत शेतकऱ्यांना कीड व्यवस्थापनाबाबत मार्गदर्शन केले." रावे म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षी गावात राहून घ्यायचा शेतीकामाचा अनुभव. ही ओळ जशीच्या तशी म्हटली तर काहीच कळत नाही. स्वतःला विचारा: कुठे? कोणत्या पिकात? माझ्या हाताने नेमकं काय केलं? आणि त्यातून मला काय कळलं? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर कधीच नसतात आणि मुलाखत घेणाऱ्याला तीच हवी असतात. ती मिळाली की बोलणं साधारण असं होतं:

"नमस्कार. मी (नाव), दारव्हा तालुक्यातला. यंदा बीएस्सी कृषी पूर्ण केलं. घरी कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि तूर. सातव्या सेमिस्टरला रावेमध्ये कृषिदूत म्हणून गावात होतो. तिथे गुलाबी बोंडअळीसाठी एका शेतकऱ्याच्या कपाशीत आम्ही कामगंध सापळे लावले, हेक्टरी 5. सकाळी जाऊन पतंग मोजायचे आणि वहीत लिहायचे, हे काम माझ्याकडे होतं. गावात सवय अशी, की शेजाऱ्याने फवारलं की आपणही फवारायचं. आम्ही त्यांना वही दाखवायचो. सलग 3 दिवस एका सापळ्यात रोज 8 किंवा जास्त पतंग आले, तर फवारणीचा विचार करायचा. नुसतं सांगून पटत नाही, आकडा दाखवला की पटतं, हे तिथे कळलं. तुमच्या जाहिरातीत प्लॉटला भेटी देऊन नोंदी ठेवायचं काम आहे. ते मी केलंय, म्हणून अर्ज केला."

शांतपणे बोललं तर याला एक मिनिट किंवा थोडं जास्त लागतं. दीड मिनिटाच्या पुढे जाऊ देऊ नका. आणि हा मजकूर उचलू नका. पुढचा प्रश्न "सापळ्यातला ल्यूर, म्हणजे पतंगांना ओढणारी गंधाची गोळी, किती दिवसांनी बदलला?" असाच येतो आणि ज्याने सापळा लावला नाही तो तिथे थांबतो. तुमच्या रावेत माती परीक्षण झालं असेल, बीजप्रक्रिया झाली असेल, तर ती ओळ उलगडा. ज्या कामावर तीन उपप्रश्न झेलता येतील तेच काम निवडा.

हे बोलणं तयार करताना आधी लिहायला बसू नका. लिहायला घेतलं की "अंतर्गत", "बाबत", "तसेच", "सदर" हे शब्द आपोआप येतात. मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि घरच्या कोणाला तरी आपल्या वऱ्हाडीत सांगा. "शेतकऱ्याले आकडा दाखवला का त्याले पटते" हे वाक्य कसं सरळ येतं बघा. मग फक्त "शेतकऱ्याला", "की", "त्याला", "पटतं" एवढं बदला. वाक्याची चाल तीच ठेवा. मुलाखतीत एखादा "मले" निसटला तर थांबून दुरुस्त करू नका. त्या अडखळण्यानेच लक्ष जास्त जातं, आणि शेतकऱ्यांमध्ये फिरायच्या नोकरीत ही बोली तुमच्या फायद्याचीच आहे.

रेकॉर्डिंग ऐकून झालं की चिठ्ठीवर फक्त पाच शब्द लिहा: दारव्हा, कृषिदूत, सापळे, आकडा, नोंदी. यापुढचा सराव या पाच शब्दांवरूनच करा. प्रत्येक वेळी वाक्यं थोडी वेगळी आली पाहिजेत. सलग तीन वेळा शब्दन् शब्द सारखा आला तर ते पुन्हा पाठ झालंय असं समजा आणि एकदा "सापळे"पासूनच सुरुवात करून बघा. ज्याचं पाठ असतं त्याला मधूनच सुरू करता येत नाही. यासाठीच मित्राला मध्ये तोडायला सांगा. "कोणतं गाव?" असं त्याने विचारलं की उत्तर द्या आणि चिठ्ठीतल्या पुढच्या शब्दावर जा. परत "नमस्कार, मी"वर जायची गरज पडली तर सराव अजून कच्चा आहे. खऱ्या मुलाखतीत असं तोडणं होतंच. म्हणून कामाचा भाग शेवटी राखून ठेवू नका, अर्ध्या मिनिटाच्या आत तो सुरू झाला पाहिजे.

रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक गोष्ट तपासा. नाव आणि गाव आपण सगळ्यात भरभर बोलतो, कारण ते आपल्या रोजच्या तोंडातलं असतं. समोरच्याला तेच पूर्ण नवीन असतं. नावानंतर एक श्वास थांबा, मग गाव. तसंच एखाद्या वाक्यात मध्येच श्वास तुटत असेल तर तिथे दोन वाक्यं करा. आकड्याच्या आधी किंचित थांबलात तर तो आकडा ऐकू जातो.

इंग्रजीत सांगायला लावलं तर मराठी वाक्यांचं भाषांतर करू नका, तिथेच गाडी अडते. तीच पाच शब्दांची चिठ्ठी घ्या आणि प्रत्येक शब्दावर एक-दोन छोटी वाक्यं बांधा: "आय काउंटेड द मॉथ्स एव्हरी मॉर्निंग. आय रोट इट इन अ नोटबुक." सुरुवात "मायसेल्फ" म्हणून न करता "आय ॲम" म्हणून करा. सापळे, रावे, कपाशी हे शब्द कृषी कंपनीतल्या माणसाला माहीत असतात, त्यामुळे इंग्रजी शब्द आठवला नाही तर मराठी शब्द वापरून पुढे जा. मुलाखत फोनवर असेल तर चिठ्ठी समोर ठेवायला हरकत नाही, पण पूर्ण मजकूर ठेवू नका. डोळे ओळीवरून फिरायला लागले की आवाज सपाट होतो आणि तो फोनवरही ओळखू येतो.