एक स्वयंपाकघर, एक भाऊ, एक बहीण

प्रश्न: पहिलीच शॉर्ट फिल्म करतोय. पैसे नाहीत, घरातलीच एक खोली आणि दोनच कलाकार. जमेल अशी गोष्ट सुचवा.

माझ्या पहिल्या फिल्ममध्ये दोन जुने मित्र गच्चीवर अकरा मिनिटं आठवणी काढत बसले होते. कुणालाच कुणाकडून काही नको होतं, त्यामुळे बघणारे तिसऱ्याच मिनिटाला चुळबुळायला लागले. तेव्हापासून कुठलीही कल्पना सुचली की मी आधी विचारतो, हे काम फोनवर उरकलं असतं का? उरकलं असतं, तर ती कल्पना सोडून देतो.

या प्रश्नाला टिकणारी एक गोष्ट देतो. भाऊबीजेची सकाळ. धाकटा भाऊ बहिणीकडे आलाय. मिठाईच्या पुड्याखाली पिशवीत हक्कसोडपत्राचा मसुदा आहे. उद्या अकरा वाजता दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी आहे, आणि त्यासाठी त्याला ताईचं आधार कार्ड, फोटो आणि मुख्य म्हणजे होकार हवाय. नोंदणीशिवाय जमिनीवरचा हक्क सुटत नाही, म्हणून तिला सोबत न्यावंच लागणार. वेळेची मर्यादा इथे आपोआप मिळते.

आता पहिला शॉट. भाऊ यायच्या आधी ताई आधार कार्ड गव्हाच्या डब्यात खोल खुपसते. एवढंच. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर आपलंही नाव लागलंय हे तिला ठाऊक आहे, तो का येतोय हेही ठाऊक आहे. प्रेक्षकाला ते कळलं, भावाला नाही. मग "ताई, चहात साखर कमी घाल" या वाक्यालाही ताण येतो. तो डब्याजवळ गेला तरी पुरतं.

घसरण्याची जागा संवादांत आहे. "तुला माहितीच आहे, बाबा गेल्यापासून मीच शेती बघतोय" असं वाक्य आलं, की तो ताईशी नाही, प्रेक्षकाशी बोलतोय. ते काढा. "जमीन" हा शब्द निम्मी फिल्म संपेपर्यंत कुणाच्याच तोंडी येऊ देऊ नका. तो विहिरीच्या मोटारीचं बिल सांगेल, ती ओवाळणीचं पाकीट न उघडता बाजूला ठेवेल. शेवटी ती डब्यात हात घालते की पोळ्यांसाठी दुसऱ्याच डब्यातलं पीठ घेते, यावर फिल्म संपते. सहीपर्यंत जाऊ नका.

पाच पानं लिहा, साधारण पाच मिनिटं होतात. खिडकीच्या उजेडात एका सकाळी शूट करा, ट्यूबलाइट बंद ठेवा. आवाजासाठी दुसरा फोन डब्यांमागे, बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा. फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो सुरू करायचं विसरणार नाही. कुणी न बोलता खोलीची शांतताही अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, एडिटिंगमध्ये संवादांमधले सांधे त्यानेच झाकले जातात.

बहीण-भाऊ मिळत नसतील तर दोन रूममेट घ्या. संध्याकाळपर्यंत खोलीची किल्ली द्यायचीय, आणि एकाने दोघांचं डिपॉझिट आधीच परत घेऊन खर्च केलंय.