काजू बदलून दिले, आता रिव्ह्यू काढून टाकू का?

प्रश्न: मी अलिबागची. जूनमध्ये वेंगुर्ल्याकडच्या एका विक्रेत्याकडून W240 काजूची 500 ग्रॅमची दोन पाकिटं मागवली. गर बारीक निघाले म्हणून रागाने मॅपवर 1 स्टार दिला आणि "फ्रॉड आहे, भेसळ करतात" असं लिहिलं. नऊ दिवसांनी त्यांनी दोन नवीन पाकिटं फुकट पाठवली, ती चांगली वाटतायत. आता रोज फोन येतोय, रिव्ह्यू डिलीट करा, पुढच्या ऑर्डरला 200 रुपये सूट देतो. बिचारे वाटतात पण पटत पण नाहीये. काय करू?

उत्तर:

ताई, डिलीट नका करू, बदला. आणि ते 200 घेऊ नका. पाकिटं बदलून मिळाली तो तुमचा हक्कच होता, पैसे W240 चे दिलेत तर माल W240 चाच यायला हवा, त्यात उपकार काही नाही. पण रिव्ह्यू काढायच्या बदल्यात सूट म्हणजे सरळ सौदा झाला, गूगलच्या नियमात पण ते बसत नाही, पैसे किंवा सूट देऊन रिव्ह्यू लिहून घेणं, बदलून घेणं किंवा काढायला लावणं तिन्ही नाही चालत. विक्रेत्याला हे बहुतेक माहीत पण नसेल, कोणीतरी सांगितलं असेल तसं करतोय बापडा. म्हणून भांडू नका, फोनवर एवढंच सांगा की दादा सूट नको, पण तुम्ही माल बदलून दिलात ते मी नक्की लिहिते.

आता खरी गोष्ट. मी कुडाळजवळच्या एका काजू फॅक्टरीत सात वर्षं ग्रेडिंगच्या टेबलावर होते, त्यामुळे तुमचा पहिला रिव्ह्यू वाचला असता तर मला थोडा रागच आला असता खरं सांगते :) कारण "बारीक निघाले" यावरून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, बारीक म्हणजे किती? काजूत तर हे मोजता येतं. W म्हणजे पांढरा अख्खा गर, आणि पुढचा आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे साधारण 454 ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात तो. W240 मध्ये 220 ते 240, W320 मध्ये 300 ते 320. आकडा जितका मोठा तितका गर लहान आणि भाव कमी, लोक नेमकं उलटं समजतात. तुमच्या 500 ग्रॅमच्या पाकिटात W240 असेल तर साधारण 242 ते 265 गर भरायला हवेत, W320 असेल तर 330 ते 353. मधे एवढी मोठी फट आहे की वाद घालायला जागाच उरत नाही. आमच्या टेबलावरची एक म्हातारी काकी नव्या पोरींना एकच सांगायची, "मोजून बघ आधी, मगे बोल."

तर जुनं पाकीट संपलं नसेल तर ताटात ओता, आधी पाकळ्या नि तुकडे बाजूला काढा (थोडे असतातच, प्रवासात पण तुटतात, त्यावरून ओरडू नका, पण मूठभर निघाले तर ते वेगळं लिहा), मग अख्खे गर दहा दहाच्या ढिगात मोजा. किचनचा वजनकाटा असेल तर नुसत्या अख्ख्यांचं वजन पण घ्या. अर्धं पाकीट खाऊन झालं असेल तरी चालेल, समजा 200 ग्रॅम अख्खे उरलेत तर W240 चे 97 ते 106 भरतील, W320 चे 132 ते 141. नवीन पाकीट पण तसंच मोजा. "चांगली वाटतायत" एवढ्यावर स्टार वाढवू नका, पहिल्यांदा वाटण्यावर कमी केलेत ना, मग परत तीच चूक होईल.

दुसरं, ते "फ्रॉड" आणि "भेसळ" शब्द काढा. भेसळ म्हणजे काजूत काजू सोडून भलतंच काही मिसळलं, तुमच्याकडे तसं झालेलंच नाही. आणि फ्रॉड म्हणजे मुद्दाम केलं, ते तुम्हाला कसं कळणार? छोट्या युनिटमध्ये दोन ग्रेड शेजारी शेजारी पॅक होत असतात, स्टिकरचा रोल बदलायचा राहिला की अख्खी बॅच चुकीच्या नावाने बाहेर पडते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तुमच्या बाबतीत तसंच झालं असं मी म्हणत नाही, मुद्दाम पण केलं असेल! पण आपल्या हातात काय आलं तेवढंच आपल्याला माहीत, तेवढंच लिहायचं. आणि गर मऊ पडले असं काही लिहिलं असेल तर पाकीट उघडल्याला किती दिवस झाले ते पण लिहा, आपल्याकडच्या पावसात उघडा डबा दोन दिवसात मऊ पडतो, त्यात विकणाऱ्याचा काय दोष.

बदलायचं कसं, तर मॅपमध्ये तुमच्या प्रोफाइलवर जा, तिथे तुमचे रिव्ह्यू दिसतील, तीन टिंबांवर दाबून `Edit review`. एक लक्षात ठेवा, तिथे नवीन मजकूर जुन्याच्या जागी बसतो, जुना वाचणाऱ्याला दिसत नाही. म्हणून आधी जुना कॉपी करून ठेवा आणि नवीन लिहिताना मूळ तक्रार त्यातच राहू द्या, तारखांसकट. नुसतं "प्रॉब्लेम सुटला, धन्यवाद" लिहिलंत तर प्रॉब्लेम काय होता ते कोणालाच कळणार नाही. मी असं काहीतरी लिहीन, आकडे तुमचे टाका:

"12 जून: W240 ची 500 ग्रॅमची दोन पाकिटं घेतली. एकात 338 अख्खे गर निघाले, म्हणजे आकार W320 चा. त्याच दिवशी फोन केला. अपडेट, 21 जून: दोन्ही पाकिटं बदलून मिळाली, जादा पैसे घेतले नाहीत, जुनी परत मागितली नाहीत. नवीन पाकिटात 256 गर, आकार बरोबर. चव दोन्ही वेळा चांगली. आधीच्या रिव्ह्यूत मी फ्रॉड आणि भेसळ लिहिलं होतं, ते रागात होतं, काढलंय."

स्टार किती? माझ्या मते 3. काही जण म्हणतील सगळं भरून दिलं तर 5 द्या. पण बघा, तुमचं निस्तरलं ही एक गोष्ट आणि मुळात चूक का झाली ते शोधून दुरुस्त केलं ही दुसरी. पुढच्या माणसाला पहिल्याच फटक्यात W240 मिळेल का हे बदलून दिलेल्या पाकिटावरून कळत नाही, कारण ते त्यांनी तुमच्यासाठी निवडून, मोजून पाठवलेलं असणार. दिवाळीला परत मागवा, पूर्ण पैसे देऊन, आणि तेव्हा बरोबर आलं तर तेव्हा परत एडिट करून 4 किंवा 5 करा. विक्रेत्याने फोनवर कारण सांगितलं तर ते पण "विक्रेत्याचं म्हणणं" असं करून एका ओळीत टाका.

डिलीट का नको यावर माझा एक अनुभव. इन्व्हर्टरची बॅटरी चार महिन्यात गेली, दुकानदाराने बदलून दिली, गोड बोलला म्हणून मी रिव्ह्यू काढून टाकला. पुढच्या मे महिन्यात माझ्या चुलतभावाने तिथूनच बॅटरी घेतली, सेम रडगाणं, आणि मलाच म्हणतो तू आधी का नाही सांगितलंस. रिव्ह्यू राहिला असता तर त्याला दोन्ही कळलं असतं, बॅटरी जाते पण आणि माणूस बदलून देतो पण, मग त्याचं त्याने ठरवलं असतं.

अजून एक, तुमच्या जुन्या रिव्ह्यूखाली त्यांनी उत्तर दिलं असेल तर एडिट केल्यावर ते तसंच राहतं आणि नव्या मजकुराखाली विचित्र दिसतं, "आम्ही भेसळ करत नाही" वगैरे. त्यांना तेवढं कळवा, त्यांना त्यांचं उत्तर बदलता येतं.

आणि मोजायला बसाल तेव्हा पोरांना लांब ठेवा, घरी पहिल्यांदा मोजलं तेव्हा माझे अकरा गर कमी भरले होते.