तिखट खाल्ल्याने अल्सर होतो का?

मला जठराचा अल्सर निघालाय. घरचे म्हणतात, तिखटामुळेच झाला. खरं आहे का?

नाही. बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिनसारख्या गोळ्या असतात. वॉरन आणि मार्शल या शास्त्रज्ञांना या जिवाणूच्या शोधासाठी २००५चं नोबेल मिळालं.

मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. म्हणून आग जाणवते, पण जठराचं अस्तर खरोखर भाजत नाही. उलट थोडं कॅप्सेसिन तिथला रक्तप्रवाह वाढवतं. मात्र आधीच जखम असेल तर तिखट झोंबतं, आणि दोष त्याच्यावर येतो.

नुसतं तिखट सोडून जिवाणू जात नाही. श्वासाची किंवा शौचाची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना विचारा. वेदनाशामक घेत असाल तर तेही सांगा. शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर लगेच दवाखाना गाठा.