मान गेली की मान गेला?

"'मान' म्हणजे गळ्याची मागची बाजू आणि 'मान' म्हणजे आदर. अपमान झाला की आपण मान खाली घालतो, सन्मान झाला की मान ताठ होते. म्हणजे हा मुळात एकच शब्द असून दुसरा अर्थ पहिल्यातून निघाला असणार, बरोबर ना? आणि तसं असेल तर यावर केलेल्या कोटीला श्लेष म्हणायचं का?"

तर्क छान जुळतो, पण हे दोन वेगळे शब्द आहेत. शरीराची मान आली संस्कृत 'मन्या'पासून. आयुर्वेदात मान आखडण्याला मन्यास्तंभ म्हणतात, त्यातलीच ही मन्या. आदराचा 'मान' मात्र संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, 'मानणे'च्या कुळातला. 'मन्या' घासून घासून मराठीत 'मान' झाली आणि तिथे आधीच बसलेल्या 'मान'शी तिचं रूप जुळलं, इतकंच. खाली घातलेली आणि ताठ ठेवलेली मान हे अंगाचे हावभाव आहेत. त्यांच्यामुळे दोन अर्थ शेजारी आले, नातं लागलं नाही.

व्युत्पत्तीचा कोश हाताशी नसला तरी व्याकरण बरंच सांगून जातं. ती मान, तो मान. 'दहा माना डोलल्या', पण 'पाचही मान त्यांनाच मिळाले'. विभक्ती लावली की फरक आणखी उघडा पडतो: मानेला पट्टा, मानाचा गणपती. 'ताठ मानेने जगला' आणि 'मानाने जगला' ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. कधीकधी 'ताठ मानाने' असं वाचायला मिळतं, तिथे लिहिणाऱ्याच्या डोक्यात तुमच्यासारखीच गल्लत झालेली असते.

आता 'डोळा' पाहा. माणसाचा डोळा, नारळाचा डोळा, मोरपिसावरचा डोळा, उसाच्या कांडीवरचा डोळा, जिथून कोंब फुटतो. अर्थ चार, पण सगळे पुल्लिंगी, सगळ्यांचं सामान्यरूप 'डोळ्या-', आणि एकातून दुसरा कसा सुचला ते सांगावं लागत नाही. हा अनेक अर्थांचा एकच शब्द. मात्र रूपं सारखी म्हणून शब्द एकच, असं उलट धरू नका. 'पावसाचे मान' किंवा 'वयाच्या मानाने' यातला मान तिसराच आहे, मोजमापाचा, नपुंसकलिंगी. त्याचं 'मानाने' आदराच्या 'मानाने'सारखंच दिसतं. लिंग-विभक्तीची कसोटी शब्द वेगळे आहेत हे दाखवते. ते एकच आहेत हे तिला सिद्ध करता येत नाही.

कोटीची गंमत इथूनच सुरू होते. मराठीत सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ बहुधा कर्माचं लिंग धरतो आणि कोटी फोडतो. समजा, उशीच्या दुकानावर पाटी आहे: 'मान जपणारी उशी'. 'जपणारी' हे उशीला लागलं आहे, मानेला नाही, म्हणून दोन्ही अर्थ जिवंत राहतात. हेच गिऱ्हाइकाच्या तोंडी घाला: 'या उशीने माझी मान जपली.' संपलं. 'माझी' आणि 'जपली' दोघांनी मिळून चुगली केली. जुन्या वाड्याच्या बुटक्या दारावर 'मान सांभाळा' लिहिलं तर चालतं, कारण आज्ञार्थाला कर्माच्या लिंगाशी देणंघेणं नसतं. आत जाताना कपाळमोक्ष झालेला पाहुणा मात्र 'मान सांभाळली नाही' किंवा 'मान सांभाळला नाही' यांपैकी एकच म्हणू शकतो.

शब्द एकदाच येऊन दोन अर्थ देतो तेव्हा श्लेष. 'घरात मान वळत नाही, बाहेर मान मिळत नाही' इथे शब्द दोनदा आला आणि दर वेळी एकेकच अर्थ घेऊन आला, म्हणून ते यमक. आणि 'मान'ऐवजी पाटीवर 'आदर जपणारी उशी' लिहून पाहा. प्रतिशब्द घालताच गंमत मेली, म्हणून हा शब्दश्लेष.

काही कोट्या फक्त डोळ्यांसाठी असतात. 'जरा आली' यात म्हातारपणही वाचता येतं आणि 'थोडा वेळ येऊन गेली' हेही. पण मोठ्याने म्हणा: म्हातारपणाचा ज तालव्य, 'जय'मधला, आणि थोडेपणाचा ज दंततालव्य, 'जवळ'मधला. उच्चारताना एक बाजू निवडावीच लागते. याच्या उलट 'शिर' आणि 'शीर' लिहिताना वेगळे, पण बोलण्यात बहुतेकांच्या तोंडी सारखेच. रक्त घेणाऱ्याला तिसऱ्या टोचणीला नस सापडली आणि तो 'शिर सलामत तो पगडी पचास' म्हणाला, तर हात पुढे करून बसलेला माणूस हसेल. तेच लिहून दाखवायचं तर 'शि' ऱ्हस्व काढायची की दीर्घ, इथेच लेखणी अडेल.