दवाखान्यातला टीव्ही: अक्षर केवढं ठेवायचं आणि स्लाइड किती वेळ थांबवायची? वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न: वेटिंग रूममध्ये ४३ इंची टीव्ही लावलाय, शेवटची खुर्ची साधारण १५ फुटांवर आहे. लॅपटॉपवर ३२ चा फॉन्ट मस्त मोठा दिसतो पण आजी-आजोबा म्हणतात काही दिसत नाही. नक्की किती ठेवू?

डॉक्टर, उत्तर तुमच्या भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्यातच आहे. त्या तक्त्यावरची ६/६ ची ओळ जवळपास ९ मिलिमीटर उंचीची असते आणि ती ६ मीटरवरून वाचायची असते. ६/१८ नजर असलेल्या माणसाला त्याच अंतरावरून तिप्पट, म्हणजे २६ मिलिमीटरचं अक्षर लागतं, आणि तुमच्या वेटिंगमध्ये मोतीबिंदू झालेली किंवा चष्मा घरी विसरलेली अशी मंडळी भरपूर असणार. तुमचे १५ फूट म्हणजे साडेचार मीटर, तर हिशोबाने २ सेंटिमीटर येतात. पण ते झालं कसंबसं ओळखता येणारं अक्षर, आणि टीव्हीसमोर बसून कुणी तपासणी देत नसतं, त्यामुळे आरामात वाचायला दुप्पट धरा, ४ सेंटिमीटर.

आता हे पॉइंटमध्ये. पॉवरपॉइंटची रुंद १६:९ स्लाइड ५४० पॉइंट उंच असते आणि ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ५३ सेंटिमीटर उंच, म्हणजे तुमच्याकडे १० पॉइंटला १ सेंटिमीटर असा सोपा हिशोब बसतो. पण गंमत अशी की ७२ चा फॉन्ट घेतला म्हणून 'क' काही ७ सेंटिमीटरचा होत नाही, कारण त्या उंचीत वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार यांचीही जागा धरलेली असते. शिरोरेघेपासून पायापर्यंतचं मुख्य अक्षर अर्ध्याहून थोडंच जास्त भरतं. म्हणून ४ सेंटिमीटर हवे असतील तर ७० ते ७५ पॉइंट लागतात. होय, लॅपटॉपवर ते राक्षसी दिसतं, दिसू द्या. स्लाइड टीव्हीवर लावा, पट्टी घेऊन 'क' मोजा, मग शेवटच्या खुर्चीवर बसून बघा. ३२ इंची टीव्ही असेल तर त्याच अक्षराला १०० च्या आसपास जावं लागेल, तिथे मी सरळ खुर्च्या पुढे घ्या म्हणेन.

अजून एक, टेक्स्ट बॉक्समध्ये मजकूर जास्त झाला की पॉवरपॉइंट गुपचूप अक्षर लहान करतं. बॉक्सवर राइट क्लिक, Format Shape, Text Options, आणि तिथे Do not Autofit निवडा, नाहीतर ७२ म्हणून लावलेला फॉन्ट टीव्हीवर ५० चा निघतो आणि कळतही नाही.

प्रश्न: मी रिसेप्शनला आहे. सर जो मजकूर लिहून देतात तो एवढ्या मोठ्या अक्षरात एका स्लाइडमध्ये मावतच नाही, काय करू? सरांना कमी करा म्हणायची हिंमत होत नाही.

ताई, सरांना कमी करा म्हणूच नका, स्लाइड करून दाखवा. ७२ च्या अक्षरात एका ओळीत चार-पाच शब्द बसतात, आणि कडेला जागा सोडून वरखाली चार ओळी. म्हणजे एका स्लाइडला १२ ते १५ शब्द, बास. मजकुरानुसार अक्षर लहान करायचं नाही, अक्षराच्या मापात मजकूर कापायचा.

उदाहरण म्हणून शुगरच्या तपासणीची सूचना घेऊ, ती जवळपास प्रत्येक दवाखान्यात असतेच: 'सर्व रुग्णांना कळविण्यात येते की फास्टिंग ब्लड शुगर चाचणीसाठी येताना किमान आठ तास काहीही न खाता यावे व तद्नंतर जेवणानंतरची चाचणी दोन तासांनी करण्यात येईल याची नोंद घ्यावी.' यात कामाच्या गोष्टी दोन आहेत आणि त्या दोन वेगळ्या वेळी लागतात, म्हणून दोन स्लाइड.

पहिली: 'उपाशीपोटी शुगर / ८ तास काही खाऊ नका / चहासुद्धा नाही / साधं पाणी चालेल'. 

दुसरी: 'जेवणानंतरची शुगर / पहिला घास घेतला की घड्याळ बघा / बरोबर २ तासांनी रक्त द्या'. 

बघा, मूळ सूचनेत पाण्याचं नव्हतंच, आणि लोक काउंटरला येऊन नेमकं तेच विचारतात. दोन तास कुठून मोजायचे तेही नव्हतं, लोक हात धुतल्यापासून मोजतात, खरं तर जेवायला सुरुवात केल्यापासून मोजायचे असतात. तुम्ही दिवसभर जे प्रश्न ऐकता त्यांची उत्तरं स्लाइडवर आली पाहिजेत, त्यामुळे खरं तर हा मजकूर तुम्हीच लिहायला हवा आणि सरांनी फक्त तपासायला. शुगरच्या गोळ्या-इन्सुलिन त्या दिवशी कधी घ्यायचं हे मात्र स्लाइडवर टाकू नका, ते पेशंटगणिक वेगळं असतं, तिथे 'गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा' एवढंच.

'कळविण्यात येते', 'नोंद घ्यावी' वगैरे काढलं की अर्धी जागा तशीच मोकळी होते.

प्रश्न: एक स्लाइड किती सेकंद ठेवायची? मी ५ ठेवले तर लोक म्हणतात वाचून होत नाही, ३० केले तर टीव्ही अडकलाय का म्हणून विचारतात.

दोघांचंही बरोबर आहे. माझी पद्धत अशी, स्लाइड मोठ्याने वाचायची, आजीला वाचून दाखवतो तशी, सावकाश, आणि मोबाइलवर वेळ लावायची. मग दुप्पट करायची आणि वर ३ सेकंद टाकायचे. दुप्पट का, तर हळू वाचणारे असतात, आणि मध्येच नंबर पुकारला गेला की नजर हटते आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करावं लागतं. ३ सेकंद हे स्लाइड बदललीय हे लक्षात येऊन मान वर करायचे. वरची उपाशीपोटीची स्लाइड वाचायला ७ सेकंद लागतात, म्हणजे १४ अधिक ३, १७ सेकंद. नुसतं 'मोबाइल सायलेंटवर ठेवा' असेल तर ८ पुरे. सगळ्यांना एकच वेळ लावायची काही गरज नाही.

मग पूर्ण फेरी मोजा. ९ स्लाइड्स सरासरी १७ सेकंदांच्या म्हणजे अडीच मिनिटं. माणूस २५ मिनिटं बसला तर त्याला प्रत्येक स्लाइड दहा वेळा दिसली, भरपूर झालं. ४० स्लाइड्स केल्या तर फेरी ११ मिनिटांच्या वर जाते आणि जो ५ मिनिटांत आत गेला त्याने त्याच्या कामाची स्लाइड पाहिलीच नसण्याची शक्यता जास्त. स्लाइड्स वाढवायच्याच असतील तर जी सगळ्यांना लागते, समजा 'जुने रिपोर्ट हातात काढून ठेवा', ती फेरीत दोनदा टाका. आणि 'मागील स्लाइडमध्ये पाहिल्याप्रमाणे' असलं काही लिहू नका, प्रत्येक स्लाइड कुणाची तरी पहिली असते.

मराठी आणि हिंदी दोन्ही लागत असेल तर एकाच स्लाइडवर कोंबू नका, पाठोपाठ दोन स्लाइड्स ठेवा आणि दोन्हींना वेगळा बॅकग्राउंड रंग द्या.

प्रश्न: शो आपोआप फिरत नाही, पहिल्याच स्लाइडवर थांबतो. आणि फिरायला लागला की कुणीतरी पोरगं येऊन माउस दाबतं. नीट सेटिंग सांगा ना.

आधी Transitions टॅब. उजव्या बाजूला On Mouse Click ची खूण काढा, After ला खूण करून 00:17.00 टाका आणि Apply To All दाबा. ज्या स्लाइड्सना वेगळी वेळ हवी त्यांची त्यानंतर बदला, आधी बदलली तर Apply To All सगळं पुसून टाकतं. मग Slide Show मध्ये Set Up Slide Show उघडा, तिथे Browsed at a kiosk निवडा, म्हणजे शो शेवटून परत पहिल्यावर जातो आणि माउसच्या क्लिकने पुढे सरकत नाही, Esc नेच बंद होतो. त्याच खिडकीत Using timings, if present निवडलेलं आहे ना बघा. तुमचा शो पहिल्या स्लाइडवर अडकतो त्याचं कारण बहुतेक हेच, किंवा After ची खूणच नाही, कारण kiosk मध्ये वेळ लावली नसेल तर पुढे जायचा रस्ताच उरत नाही. मधल्याच एखाद्या स्लाइडवर थांबत असेल तर ती नंतर घातलेली असणार, तिला वेळ द्यायची राहून गेलीय.

लाइट गेली-आली की परत सगळं लावायचा वैताग टाळायचा असेल तर फाइल PowerPoint Show म्हणजे .ppsx म्हणून सेव्ह करा, विंडोज आणि R एकत्र दाबून खालची ओळ टाका, जो फोल्डर उघडेल त्यात त्या फाइलचा शॉर्टकट ठेवा.

```
shell:startup
```

लॅपटॉपमध्ये लॉगिन झालं की शो आपोआप उघडतो. स्क्रीन बंद होणं आणि स्लीप, दोन्ही पॉवर सेटिंगमध्ये Never करा.

प्रश्न: आमच्याकडे टीव्हीला लॅपटॉप लावून ठेवणं शक्य नाही, पेन ड्राइव्हवर चालेल का? पॉवरपॉइंटची फाइल टीव्ही उघडतच नाही.

चालेल, पण व्हिडिओ करून. File, Export, Create a Video, 1080p निवडा आणि Use Recorded Timings and Narrations करा, नाहीतर तुम्ही लावलेल्या वेळा बाजूला राहतात आणि प्रत्येक स्लाइड ५ सेकंदांची होते. MP4 पेन ड्राइव्हवर टाका आणि टीव्हीच्या प्लेयरमध्ये रिपीट चालू करा. काही टीव्हींत रिपीट नसतं, तिथे सगळ्या स्लाइड्स कॉपी करून मागे पुन्हा पुन्हा चिकटवायच्या, अडीच मिनिटांची फेरी २४ वेळा म्हणजे तासाभराचा व्हिडिओ, तासाने एकदा कुणीतरी रिमोट दाबेल. बदल करायचा असेल तर पुन्हा एक्सपोर्ट करावं लागतं एवढाच तोटा. फायदा मोठा आहे, अक्षरं चित्रासारखी पक्की होतात, त्यामुळे जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर गेल्यावर जी भलतीसलती चिन्हं दिसतात तो प्रकार होत नाही.

टीव्हीवर कडेची अक्षरं कापली जात असतील तर टीव्हीचं पिक्चर साइझ बदलून बघा, बऱ्याच टीव्हींत ते Just Scan किंवा Screen Fit नावाने असतं. तरी स्लाइडच्या चारही बाजूंना थोडी जागा मोकळी सोडाच.

प्रश्न: फी, दवाखान्याची वेळ, सोनोग्राफीत गर्भलिंग सांगत नाही हा बोर्ड, हे सगळं टीव्हीवर टाकलं तर भिंत मोकळी होईल ना?

नाही. गर्भलिंग निदान होत नाही ही सूचना सोनोग्राफी सेंटरमध्ये ठळकपणे, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत लावणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि दर अडीच मिनिटांत १७ सेकंद दिसणारी गोष्ट म्हणजे लावलेला बोर्ड नव्हे. वेळ आणि फी लोक दारातूनच बघतात, त्यांना स्लाइड यायची वाट बघायला लावू नका. १०८ नंबरही छापून भिंतीवर लावा, टीव्हीवर हवा तर जादाचा म्हणून ठेवा, लाइट गेली की टीव्ही बंद असतो.