वही घेऊन ये, मग बोलू

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजी वाटली, दुसऱ्यांदा राग आला. बराचसा राग तुझ्या आजूबाजूच्या लोकांवर, पण थोडा तुझ्यावरही.

तू लिहितेस की हजार मीटरची रिपिटेशन्स 3:35 वरून 3:43 वर घसरली. सर म्हणतात, कारणं देऊ नकोस. फोनमधलं ॲप म्हणतं, तुमची ल्यूटियल फेज चालू आहे, आज हलका योग करा. आणि पाच हजार मीटर सोडून पंधराशेकडे वळू का, असं तू मला विचारतेस. सगळं झाल्यावर तळाशी ता. क. टाकून लिहितेस, ‘चार महिने पाळी आलेली नाही, त्यामुळे तो एक त्रास तरी नाही.’

अगं, पत्र तिथून सुरू व्हायला हवं होतं.

आधी त्या ॲपचं बोलते. त्याला तुझ्या शरीरातलं काहीही कळत नाही. तू शेवटची तारीख टाकलीस चार महिन्यांपूर्वी, आणि ते बिचारं तेव्हापासून अठ्ठावीस-अठ्ठावीस दिवसांचे खण पाडत बसलंय. ल्यूटियल म्हणजे अंडं सुटल्यानंतरचे दिवस. अंडं सुटलंच नसेल तर कसली ल्यूटियल? नियमित पाळी असलेल्या मुलीचंही चौदाव्या दिवशीच अंडं सुटतं असं नाही. साधारणपणे पुढच्या पाळीच्या आधीचे बारा ते चौदा दिवस बऱ्यापैकी ठरलेले असतात, लांबतो तो त्याआधीचा भाग. बत्तीस दिवसांचं चक्र असेल तर अंडं अठराव्या दिवसाच्या आसपास सुटतं, आणि ॲपने तुला चौदाव्यालाच दुसऱ्या खणात ढकललेलं असतं. म्हणून माझं एकच म्हणणं, आणि तू ते आता पत्रभर ऐकणार आहेस: आधी नोंद, मग नियम.

आता तुझी पाळी. सराव वाढला आणि खाणं तेवढंच राहिलं की शरीर खर्च कापायला लागतं. पहिली कात्री लागते ती ज्याच्यावाचून आजचा दिवस निघतो त्याला. मेंदूतून बीजकोशाकडे जाणारे संदेश मंदावतात, इस्ट्रोजेन खाली येतं, पाळी लांबते आणि मग थांबते. त्याच इस्ट्रोजेनवर हाडंही टिकून असतात. वजन फार उतरायला हवं असंही नाही; काटा स्थिर असूनही हे होतं. तुझी रिपिटेशन्स आठ सेकंदांनी घसरली त्याचं कारण कुठल्याही फेजमध्ये शोधू नकोस. बहुतेक ते ताटात सापडेल.

हे मी एवढ्या ठामपणे सांगते कारण मी एकोणीस वर्षांची असताना माझी पाळी अकरा महिने बंद होती. होस्टेलमध्ये आम्ही ते मिरवायचो. जिची बंद तिचा सराव खरा, असं मानायचो. त्रेचाळीस किलोची मी एकोणचाळीसवर आले, सर खूश, म्हणाले, ‘आता हलकी झालीस, आता पळशील.’ आणि पळालेसुद्धा! फसगत तिथेच होते. पहिले काही महिने वेळ खरंच सुधारते. मग नडगीच्या आतल्या बाजूला एका जागी दुखायला लागलं. बोट ठेवलं की नेमकं तिथेच, एका पायावर उडी मारली की जास्त. एक्स-रेत काही दिसलं नाही, म्हणून मी आणखी तीन आठवडे पळाले. दुसऱ्या एक्स-रेत हाडाला तडा गेल्याची रेघ दिसली. सगळा मोसम गेला. शरीर अकरा महिने दार वाजवत होतं आणि मी ते कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. डॉक्टरांनी शेवटची तारीख विचारली तर मी म्हटलं, दिवाळीच्या आधी कधीतरी.

तर तू आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. नियम साधा आहे: पाळी नियमित असताना तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षं उलटूनही सुरूच झाली नाही, तर वाट बघायची नसते. डॉक्टर गर्भधारणा नाही ना हे तपासतील, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, पीसीओएस बघतील. त्यात लाजू नकोस. सगळं वगळल्याशिवाय ‘खाणं कमी पडलं’ असं म्हणता येत नाही. रोज किती पळतेस आणि काय खातेस हे आपणहून सांग, कारण विचारलं जाईलच असं नाही. आणि पाळी आणायच्या गोळ्या मिळाल्या तर एक लक्षात ठेव. गोळ्यांनी आलेला रक्तस्राव म्हणजे शरीर सावरल्याचा पुरावा नव्हे. ‘आली एकदाची’ म्हणून परत ट्रॅकवर धावू नकोस. तोवर इंटरव्हल बंद, फक्त सावकाश पळणं. नडगीत, पावलात किंवा जांघेत एका जागी दुखत असेल तर तेही बंद.

खाण्यात रोज साधारण तीनशे ते सहाशे कॅलरी वाढवायच्या. म्हणजे एक जास्तीची ज्वारीची भाकरी, मूठभर शेंगदाणे आणि एक पेलाभर दूध, एवढंच. पहाटे उपाशीपोटी पळणं थांबव. आणि चतुर्थी, सोमवार, नवरात्र... तुझ्या आजीशी भांडण मी घ्यायला तयार आहे, पण यंदा उपास नाहीत. पाळी परत यायला महिने लागतात. तेवढे लागू देत.

ती परत आली की वहीचं खरं काम सुरू होतं. रक्तस्रावाचा पहिला दिवस म्हणजे दिवस एक. रोज पाच गोष्टी: कितवा दिवस, झोप किती तास, उठल्या उठल्या अंथरुणातच मोजलेली नाडी, दुखणं शून्य ते दहा, आणि सराव किती जड गेला तेही शून्य ते दहा. हा शेवटचा आकडा सरावाच्या मिनिटांनी गुणायचा, तो त्या दिवसाचा भार. बस. तीन चक्रं पूर्ण होईपर्यंत सरावात काही बदलायचं नाही. जीव खालीवर होईल, तरी नाही. आधी नोंद.

माझ्याकडच्या एका पंधराशेवालीची वही सांगते. तिची चक्रं 31, 33 आणि 32 दिवसांची. शेवटच्या दहा-बारा दिवसांत सकाळची नाडी 50 वरून 54 वर जायची. हे अपेक्षितच आहे. अंडं सुटल्यावर प्रोजेस्टेरॉनमुळे शरीराचं तापमान तीन ते पाच दशांश अंश सेल्सिअसने चढतं, नाडीही थोडी चढते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात ते जास्त जाणवतं. पण तिच्या वहीत खरी गोष्ट वेगळीच होती. पाळी येण्याआधीचे तीन दिवस झोप साडेपाच तासांवर यायची. वॉर्मअपसकट साठ मिनिटांचा तोच टेम्पो, म्हणजे दमवणाऱ्या पण सलग टिकणाऱ्या वेगाचं पळणं, सहा किलोमीटर तेवढ्याच वेळात, एरवी तिला सहा गुणांचा वाटायचा, त्या दिवसांत आठ गुणांचा. म्हणजे 360 ऐवजी 480. घड्याळ म्हणत होतं काहीच बदललं नाही, पण शरीर त्याच पळण्याचं बिल जास्त लावत होतं. पहिल्या दिवशी दुखणं सात, दुसऱ्या दिवशी चार, आणि तिसऱ्या दिवसापासून ती महिन्यातलं सगळ्यात चांगलं पळायची.

मग बदल काय केला? त्या तीन दिवसांत 800 मीटरची रिपिटेशन्स सहाऐवजी चार, वेग तोच, मधली विश्रांती दोनऐवजी तीन मिनिटं. टेम्पो पहाटे, ऊन यायच्या आत, आणि घड्याळाऐवजी श्रमाच्या गुणांवर. पहिल्या दिवशी अर्धा तास सावकाश, नको वाटलं तर तेही नाही. कापलेली दोन रिपिटेशन्स चौथ्या-पाचव्या दिवशीच्या सरावात घातली. एकूण भार जवळजवळ तेवढाच राहिला, फक्त जागा बदलली. विक्रम वगैरे काही झाला नाही. आठाचे सात झाले आणि दर महिन्याला बुडणारा एक सराव बुडायचा थांबला, एवढंच. पाचव्या चक्रात तर ते वाईट दिवस आलेच नाहीत! मागे पाहिलं तर आधीच्या तीनपैकी दोन वेळा त्याच सुमारास तिची कॉलेजची परीक्षा होती. म्हणून वहीतला नियम पेन्सिलीने लिहायचा.

‘पाळीत वजन उचला, नंतर योग करा’ असे जे तक्ते फिरतात त्यांचा मला म्हणूनच राग आहे. 2020 साली 78 अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. पाळीच्या पहिल्या दिवसांत कामगिरी सरासरी किंचित कमी, आणि ती इतकी किंचित की त्यावरून सगळ्या बायकांना एकच नियम लावता येत नाही, ज्या-त्या खेळाडूचं वेगळं पाहावं, असा निष्कर्ष निघाला. मी तो मैदानावर चुका करून काढला होता. एके काळी मी भिंतीवर तक्ता लावला होता, प्रत्येकीच्या नावापुढे लाल ठिपके, पहिल्या दिवशी सक्तीची सुट्टी. दोन महिन्यांत मुली खोट्या तारखा सांगायला लागल्या. कुणाला सुट्टी नको होती, कुणाला ठिपका नको होता. एकीचे वडील आले आणि ‘असलं काही मुलींना विचारायचं नाही’ म्हणून बरंच ऐकवून गेले. लोक अजून म्हणतात की मी फार खोदून विचारते. विचारते. माझ्या सरांनी एकदा विचारलं असतं तर माझा मोसम वाचला असता. पण तक्ता मी फाडला. वही मुलीची, ती दाखवेल तेवढीच मी बघते. तुझ्या सरांनाही सगळं सांगायची गरज नाही. ‘आज आठचा दिवस आहे’ एवढं पुरेल.

आणि स्पर्धा तुझी तारीख विचारून येत नाही. पॅरिसला 2024 मध्ये मीराबाई चानू 199 किलोवर थांबली, कांस्य 200 ला गेलं, आणि तिने नंतर सांगितलं की पाळीचा तिसरा दिवस होता. पदक त्यानेच हुकलं असं मी म्हणणार नाही, तीही म्हणाली नाही. पण त्या दिवशी काय करायचं हे आधी ठाऊक असायला हवं. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून, पोटात काही असताना, आणि स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा कधीच नाही, आधी सरावात घेऊन पाहिलेली. पॅड की कप, तेही वीस फेऱ्या पळून ठरवलेलं. रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त किंवा तासा-दोन तासाला पॅड भरत असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तोही तपासून घे.

पाच हजार की पंधराशे, हे मी आज सांगणार नाही. उपाशी शरीराच्या वेळांवरून अंतर निवडायचं नसतं.

डॉक्टरांची वेळ या आठवड्यातली घे. आई येणार नसेल तर मी येते. रविवारी सकाळी साडेसातला मैदानावर ये, शंभर पानी वही आण, आणि शेवटच्या पाळीची तारीख आठवून ये. ॲपमध्ये आहेच, तेवढ्यापुरतं ते कामाचं. बूट आणू नकोस. नाश्ता करून ये, मी विचारणार आहे काय खाल्लं ते.

तुझी,
ताई