दोघांचीही कूम्स पॉझिटिव्ह, मग औषधं वेगळी का?

प्रश्न: वडिलांना (वय ६४) ऑटोइम्यून हिमोलिटिक ॲनिमिया निघालाय, ‘कोल्ड’ प्रकारचा. शेजारच्या खाटेवरच्या ताईंना हाच आजार, पण ‘वॉर्म’. त्यांना लगेच स्टेरॉइड सुरू केलं, आणि वडिलांना सांगितलं हातमोजे घाला! कूम्स टेस्ट तर दोघांचीही पॉझिटिव्ह आहे. मग असं का?

उत्तर:

मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि बरीच वर्षं रक्तपेढीत काढली आहेत. आमच्यापुढे रुग्ण येत नाही, त्याची नळी येते. तुमच्या वडिलांची नळी मी पाहिलेली नाही, त्यामुळे त्यांना कोणतं औषध द्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. हातमोज्यांचा सल्ला मात्र मला अजिबात चुकीचा वाटत नाही. का, ते एका नळीच्या गोष्टीतून सांगतो.

जानेवारीतली सकाळ होती. निफाडकडच्या द्राक्षबागेत काम करणाऱ्या साठीतल्या एका मावशींचं रक्त तपासायला आलं. तक्रार थकव्याची, डोळे पिवळसर. सून सांगत होती की पहाटे बागेत गेल्यावर सासूबाईंची बोटं आणि कानाच्या पाळ्या निळ्या-जांभळ्या पडतात आणि चुलीपाशी बसलं की पुन्हा नीट होतात. यंत्रात नळी लावली तर आकडे असे आले: हिमोग्लोबिन ७.८, लाल पेशी फक्त १२ लाख, एका पेशीचं सरासरी आकारमान ११२, आणि एमसीएचसी ५८. या शेवटच्या आकड्याला तंत्रज्ञ हसलाच. एमसीएचसी म्हणजे पेशीत हिमोग्लोबिन किती दाटीनं भरलंय त्याचं माप. ते साधारण ३२ ते ३६ असतं. ५८ होण्याइतकं हिमोग्लोबिन पेशीत मावतच नाही.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. नळीत पेशी एकमेकींना चिकटून गठ्ठे झाले होते. मोजताना दोन-चार पेशींचा गठ्ठा यंत्राला एकच मोठी पेशी वाटतो, म्हणून संख्या कमी आणि आकारमान जास्त. हिमोग्लोबिन मात्र पेशी फोडून मोजतात, तिथे गठ्ठ्यांनी काही बिघडत नाही, त्यामुळे तो आकडा खरा. तीच नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवून गरम असतानाच पुन्हा लावली. लाल पेशी २५ लाखांवर गेल्या, आकारमान ९४ आणि एमसीएचसी ३३. रक्त कमी होतंच, पण गठ्ठे विरघळले होते. निदानाची निम्मी वाट तिथेच सरली.

आता तुमच्या कूम्सकडे येतो. या आजारात आपलीच प्रतिपिंडं आपल्याच लाल पेशींवर उलटतात, पण ‘कूम्स पॉझिटिव्ह’ हे अर्धवट वाक्य आहे. १९४५ साली कूम्स, मूरंट आणि रेस यांनी मांडलेल्या या तपासणीत लाल पेशी धुऊन घेतात आणि त्यांच्या अंगावर काही चिकटून राहिलंय का ते पाहतात. आधी एकत्रित रसायन घालतात, मग वेगवेगळी दोन: एक आयजीजी हे प्रतिपिंड ओळखणारं, दुसरं सी-३-डी ओळखणारं, म्हणजे प्रतिपिंडांच्या मदतीला धावणाऱ्या ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिनांपैकी एकाचा तुकडा. शेजारच्या ताईंच्या रिपोर्टवर आयजीजी पॉझिटिव्ह असेल, सोबत कदाचित सी-३-डीही. वडिलांच्या रिपोर्टवर बहुतेक फक्त सी-३-डी असेल, आयजीजी निगेटिव्ह. तो कागद काढून बघा. सगळा फाटा तिथे फुटतो.

आयजीजी हे इंग्रजी वाय अक्षरासारखं छोटं प्रतिपिंड. शरीराच्या तापमानाला, ३७ अंशांना, ते लाल पेशीला सगळ्यात घट्ट धरतं. म्हणून या प्रकाराला ‘वॉर्म’ म्हणतात. ताप येतो किंवा उन्हानं त्रास होतो असा त्याचा अर्थ नाही. (एका नातेवाइकांनी मला विचारलं होतं, मग बर्फ खाल्ला तर चालेल का? चालेल, पण त्यानं आजार हलणार नाही.) या प्रतिपिंडाला ना थंडी लागते, ना हिवाळा. रक्त फिरतंय तोवर ते पेशीवर बसलेलं असतं.

पण नुसतं बसून पेशी मरत नाही. तिला कुणीतरी पकडावं लागतं, आणि ते काम प्लीहेत होतं, म्हणजे आपल्या पाणथरीत. तिथे रक्त संथ होतं, घट्ट होतं, आणि पेशींना एक-दोन मायक्रॉन रुंदीच्या फटींमधून अंग चोरत निघावं लागतं. त्या वाटेवर मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, बसलेल्या असतात. आयजीजीची शेपटी धरायला त्यांच्या अंगावर खास रिसेप्टर असतात. कधी मॅक्रोफेज अख्खी लाल पेशी गिळतो, पण बऱ्याचदा तिच्या आवरणाचा लचका तोडतो. आवरण कमी झालं आणि आतला ऐवज जवळपास तेवढाच राहिला, की चपटी पेशी फुगून गोल होते. काचपट्टीवर या स्फेरोसाइट दिसल्या की आम्ही कान टवकारतो. गोल झालेली पेशी त्या फटींतून वाकून जाऊ शकत नाही, पुढच्या फेरीत अडकते आणि संपते. नाश होतो तो रक्तवाहिनीच्या बाहेर. म्हणून कावीळ दिसते, पाणथरी थोडी वाढते, पण लघवी क्वचितच कोकाकोलासारखी काळपट होते.

म्हणूनच ताईंना स्टेरॉइड. ते मॅक्रोफेजची भूक मारतं आणि पुढे प्रतिपिंडांचं उत्पादनही कमी करतं. वजनाच्या दर किलोला एक मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन रोज, असा नेहमीचा डोस असतो. बहुतेकांचं हिमोग्लोबिन दोन-तीन आठवड्यांत चढायला लागतं. न चढल्यास प्रतिपिंडांच्या मुळाशी असलेल्या बी-लिम्फोसाइट पेशींवर चालणारं रिटुक्सिमॅब, आणि कधी पाणथरी काढण्याचाही विचार होतो, कारण कत्तल तिथेच चाललेली असते.

वडिलांच्या बाबतीत दोषी प्रतिपिंड बहुधा आयजीएम असणार. हे पाच ‘वाय’ एकत्र बांधल्यासारखं असतं, धरायला दहा हात. आयजीजी इतकं आखूड की दोन लाल पेशींमधलं अंतर त्याला एकट्याला सहसा पार करता येत नाही. आयजीएम मात्र एका हातानं एक पेशी आणि दुसऱ्यानं दुसरी धरतं. मावशींच्या नळीतले गठ्ठे हे त्याचंच काम. ते साधारणपणे लाल पेशीवरच्या ‘आय’ नावाच्या साखरेच्या साखळीला धरतं, आणि ते जमतं थंडीत. चार अंशांना पकड सगळ्यात मजबूत, ३७ ला जवळपास शून्य.

पण चार अंशांना आपल्या अंगातलं रक्त कधीच जात नाही. म्हणून खरा प्रश्न असा, की तापमान वाढवत नेलं तर हे प्रतिपिंड कुठपर्यंत धरून राहतं? गारठ्यात बोटांच्या टोकांचं, नाकाचं, कानांचं तापमान सहज तिशीच्या खाली उतरतं. प्रतिपिंड २८-३० अंशांपर्यंत टिकणारं असेल तर तिथे ते पेशीवर बसणारच. ‘टायटर’ म्हणजे सीरम किती पट पातळ केलं तरी गठ्ठे होतात त्याचं माप. प्रयोगशाळेत त्याचा मोठा आकडा आला की लोक घाबरतात. माझ्या मते टायटरपेक्षा ही वरची मर्यादा जास्त बोलकी. टायटर हजारोंत असलं आणि वीस अंशांना पकड सुटत असेल, तर त्रास थोडाच होतो. उलट माफक टायटरचं प्रतिपिंड तिशी गाठत असेल तर माणूस पिवळा पडतो.

यानंतर जे घडतं ते मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं, रुग्णाला ते महाग पडत असलं तरी. थंड बोटात आयजीएम पेशीवर बसतं आणि लगेच कॉम्प्लिमेंटच्या साखळीला चिथावतं. त्यासाठी आयजीएमचा एक रेणूही पुरतो. पेशीवर सी-३-बी चिकटतं. पेशी शिरेतून छातीकडे परतते, ऊब मिळते, आयजीएमची पकड सुटते आणि ते पुढच्या पेशीला छळायला मोकळं. सी-३-बी मात्र मागे राहतं. चोर पळाला, भिंतीवर खूण ठेवून गेला. म्हणूनच कूम्समध्ये प्रतिपिंड सापडत नाही, सापडतो कॉम्प्लिमेंटचा तुकडा.

ही खूण वाचतात यकृतातल्या कुप्फर पेशी. आयजीएमची शेपटी धरून गिळण्याची सोय मॅक्रोफेजकडे नसते, कॉम्प्लिमेंट धरण्याची असते. यकृतातून रक्ताचा मोठा प्रवाह जातो, तिथे अशा पेशी उचलल्या जातात. ज्या निसटतात त्यांच्या अंगावरचं सी-३-बी कापलं जाऊन सी-३-डी उरतं. त्याला कुप्फर पेशी फारसं विचारत नाहीत, त्यामुळे या पेशी बऱ्यापैकी जगतात. कॉम्प्लिमेंटची साखळी शेवटपर्यंत गेली तर पेशी रक्तवाहिनीतच फुटते आणि लघवी काळपट होते, पण रोजचा मोठा नाश यकृतातलाच. आता दिसेल की पाणथरी काढून वडिलांना का फायदा नाही, आणि स्टेरॉइडनंही बहुधा निराशाच का होते.

एक अपवाद सांगायलाच हवा, नाहीतर ‘आयजीजी म्हणजे वॉर्म’ असं घोकलं जाईल. डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी १९०४ मध्ये दाखवलेलं प्रतिपिंड आयजीजी वर्गाचं आहे, पण थंडीत बसतं, आणि उबेत आल्यावर कॉम्प्लिमेंट पेशीला थेट रक्तवाहिनीतच फोडतं. हल्ली हे मुख्यतः लहान मुलांत, विषाणूच्या आजारानंतर दिसतं आणि आपोआप ओसरतं. आणि काही रुग्णांत वॉर्म व कोल्ड दोन्ही प्रतिपिंडं एकत्रही असतात.

आमची एक चूकही सांगतो, कारण ती तुमच्या बाबतीतही होऊ शकते. मावशींचा टायटरसाठीचा नमुना कुणीतरी सवयीनं बर्फाच्या डब्यात ठेवला. थंडीत सगळं आयजीएम नळीतल्या पेशींनाच चिकटलं, वरच्या सीरममध्ये उरलं नाही, आणि टायटर जवळजवळ नॉर्मल आलं. काचपट्टीवर गठ्ठे आणि टायटर नॉर्मल, हे जुळेना म्हणून चौकशी केली. दुसऱ्यांदा रक्त घेऊन नळी सीरम वेगळं होईपर्यंत ३७ अंशांना ठेवली, तेव्हा टायटर ५१२ आलं. वडिलांचं टायटर पुन्हा करायचं ठरलं तर नमुना उबदार आणायची सोय आहे का, एवढं विचारा. रक्त चढवायची वेळ आली तर ते ब्लड वॉर्मरमधून द्यावं लागतं. सलाइनची थंड बाटलीही नको.

डॉक्टर पुढची पायरी म्हणून बोन मॅरो तपासायला सांगतील तर दचकू नका. या वयात हे आयजीएम अनेकदा मज्जेतल्या बी-लिम्फोसाइटच्या एका छोट्या कुळातून येतं, आणि रिटुक्सिमॅब त्या कुळावर चालतं. त्याच आजारात कॉम्प्लिमेंटची पहिलीच कडी अडवणारं सुटिमलिमॅब हे औषधही आहे. अमेरिकेत त्याला फेब्रुवारी २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्यानं पेशींचा नाश थांबतो, हिमोग्लोबिन चढतं, पण गारठ्यात बोटं निळी पडायची ती पडतातच. कारण गठ्ठे करायला आयजीएमला कॉम्प्लिमेंट लागत नाही, त्याचे दहा हात पुरतात. म्हणजे ते महागडं औषध सुरू असलं तरी हातमोजे काढता येत नाहीत.